कॅपाडोकियाची बलून राइड घ्यायची की नाही: तिकिटाच्या आधी हातात किती सकाळी आहेत ते मोजा

तुर्कस्तानची ट्रिप ठरली की घरात पहिला प्रश्न असतो बलूनचं तिकीट कितीला पडतं. मग स्वस्तात स्वस्त तिकीट शोधलं जातं, ते बुक होतं, आणि मग उरलेल्या प्लॅनमध्ये कॅपाडोकियाला एक रात्र कोंबली जाते. हा क्रमच उलटा आहे. बलून फक्त पहाटे उडतो, हवा ठीक नसली तर उडतच नाही, आणि कॅन्सल झालं तर पैसे परत मिळतात पण ती सकाळ परत मिळत नाही. म्हणून आधी सकाळी मोजायच्या, मग महिना बघायचा, मग पैसे, मग कोण चढणार ते, आणि तिकीट सगळ्यात शेवटी.

एक उदाहरण धरून चालू म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. समजा नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आजी असे चौघं शाळेच्या सुट्टीत, मेच्या पहिल्या आठवड्यात निघालेत. इस्तंबूल, कॅपाडोकिया, अंताल्या असा नेहमीचा रूट, आणि प्लॅनमध्ये कॅपाडोकियातल्या गोरेमे गावात दोन रात्री.

टप्पा १: गोरेमेत किती सकाळी हातात आहेत ते मोजा

दिवस मोजू नका, रात्री मोजा. जेवढ्या रात्री गोरेमे किंवा आसपास (उचहिसार, ऑर्ताहिसार, उर्गुप) झोपणार तेवढ्याच सकाळी. "तीन दिवस कॅपाडोकिया" असं ब्रोशरमध्ये लिहिलेलं असलं तरी त्यात बऱ्याचदा रात्री दोनच असतात आणि कधीकधी एकच.

इथे सगळ्यात जास्त घोळ नाइट बसमुळे होतो. इस्तंबूलहून किंवा अंताल्याहून रात्रीची बस घेतली की एका हॉटेलचे पैसे वाचतात हे खरं, पण बस गोरेमेला पोचते सकाळी, तेव्हा बलून आधीच आकाशात असतात. म्हणजे बसमधली रात्र सकाळ म्हणून धरायची नाही. तसंच शेवटच्या दिवसाचं. राइड आटपून हॉटेलवर परत यायला आठ तरी वाजतात, मग आंघोळ, नाश्ता, चेकआउट, आणि कायसेरी एअरपोर्ट तासाभराच्या पुढेच. त्यामुळे शेवटच्या दिवसाचं विमान दुपारी बारानंतरचं नसेल तर तीही सकाळ गेली असं समजा.

आता गणित. फक्त हिशोबासाठी धरू की त्या आठवड्यात 10 पैकी 7 सकाळी बलून उडतात. एकच सकाळ असेल तर 10 पैकी 3 वेळा हात हलवत परत. दोन सकाळी असतील तर कागदावर ती शक्यता 100 त 9 वर येते, तीन असतील तर 100 त 3 पेक्षाही खाली. पण हे कागदावरचं झालं, कारण खराब हवा एक दिवस येऊन जात नाही, वाऱ्याची किंवा पावसाची सिस्टीम आली की दोन-तीन दिवस मुक्काम ठोकते. आज कॅन्सल झालं असेल तर उद्याही कॅन्सल व्हायची शक्यता नेहमीपेक्षा जास्तच असते. त्यामुळे दोन सकाळी म्हणजे जवळजवळ नक्की असं समजू नका, पाचातून एक वेळा तरी हुकेल असं धरून चाला. तिसरी सकाळ खरा फरक पाडते ती याचसाठी.

*चेक: एकच सकाळ हातात असेल तर पुढचे टप्पे वाचण्याआधी प्लॅन बदलता येतो का बघा. इस्तंबूलची एक रात्र कमी करून इथे टाकणं बहुतेकांना जमतं.*

टप्पा २: महिना बघा

जुलै ते सप्टेंबर हवा सगळ्यात भरवशाची, ऑक्टोबरही बरा. डिसेंबर ते मार्च सगळ्यात बेभरवशाचे, बर्फातले फोटो अप्रतिम येतात पण सलग चार-पाच दिवस काहीच उडालं नाही असंही होतं. आपल्या सुट्टीचे एप्रिल-मे मधल्या गटात येतात, म्हणजे बहुतेक सकाळी ठीक, पण पावसाच्या सरी आणि वारा मधूनमधून येतोच.

हिवाळ्यात तिकीट स्वस्त दिसतं त्याचं कारण हेच. तेव्हा जाणार असाल तर वाचलेल्या पैशातून रात्री वाढवा, नाहीतर स्वस्त तिकिटाला अर्थ नाही.

टप्पा ३: खरा खर्च काढा, नुसतं तिकीट नाही

बलूनचे भाव विमानासारखे वरखाली होतात. ऑफ सीझनला माणशी 100 युरोच्या आसपास मिळून जातं, गर्दीच्या दिवसात तेच 250 च्या पुढे जातं, आणि दोन-तीन दिवस कॅन्सल होऊन माणसं तुंबली की त्याहून वर. आपल्या उदाहरणात माणशी 180 धरू. चौघांचे 720 युरो, युरो 105 रुपये धरला तर 75,600 रुपये. बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्के चार्ज आणि त्यावर जीएसटी लागतो, ते अजून तीनेक हजार. तासाभराच्या राइडला ही रक्कम, त्यामुळे डोळे उघडे ठेवूनच भरायची.

आता तिसरी रात्र. चौघांची फॅमिली रूम समजा 100 युरो, म्हणजे साडेदहा हजार. लोक इथेच अडतात, एवढ्या महाग राइडवर अजून दहा हजार कशाला म्हणून. पण उलटं बघा, पाऊण लाखाची गोष्ट आणि एवढ्या लांबचा प्रवास ज्या एका हवेवर अवलंबून आहे तिच्यासाठी अजून एक संधी दहा हजारात मिळतेय, आणि शिवाय कॅपाडोकियात तिसऱ्या दिवशी करायला भरपूर आहे.

माझा सरळ हिशोब असा: तिसरी रात्र आणि बलून दोन्ही परवडत असेल तर घ्या. दोन रात्री असतील तर जुलै ते ऑक्टोबर बिनधास्त घ्या, बाकीच्या महिन्यांत मनाची तयारी ठेवून घ्या. एकच रात्र असेल तर त्या राइडवर ट्रिपचा डोलारा उभा करू नका, मिळाली तर मिळाली. आणि तिकिटासाठी बाकीच्या ट्रिपमधलं जेवणखाण, म्युझियम, चांगलं हॉटेल सगळं कापावं लागत असेल तर बलून सोडा, खालून बघण्यातही इथे खूप आहे, ते टप्पा ८ मध्ये.

टप्पा ४: कोण चढणार ते ठरवा

टोपलीला दार नसतं. बाहेरच्या बाजूला पाय ठेवायला खाचा असतात, त्यात पाय रोवून छातीएवढ्या कडेवरून पाय टाकून आत उतरायचं. आत बसायची सोय नाही, साधारण तासभर उभं राहायचं, आणि उतरताना पाठ ठरलेल्या बाजूला करून गुडघे वाकवून आतले दोर धरून बसावं लागतं. पायलट चांगला असेल तर बलून अलगद टेकतो, कधीकधी थेट ट्रेलरवरच, पण वारा असला तर टोपली दोन-तीन धक्के खाते आणि क्वचित आडवीही होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, पाठीचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने "जमेल गं" म्हणून चढू नये. गरोदर बाईला घेत नाहीत, आणि साधारण सहा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कंपन्या नाही म्हणतात.

उंचीची भीती असलेल्यांसाठी एक गोष्ट. बलून वाऱ्याबरोबरच जातो म्हणून टोपलीत वारा लागत नाही आणि हलल्यासारखंही वाटत नाही, त्यामुळे गच्चीवरून खाली बघताना जी भोवळ येते ती बऱ्याच जणांना इथे येत नाही. खात्री देता येत नाही, पण केवळ या भीतीने आधीच नाही म्हणू नका.

आपल्या उदाहरणातल्या मुलीला वयाने परवानगी आहे, पण तिची नजर टोपलीच्या कडेच्या जरा वर-खाली येणार, आणि मुलांचं तिकीट बऱ्याचदा पूर्णच लागतं. बुक करताना तिची उंची सांगून नीट विचारा. आजींचे गुडघे दुखतात, त्या नको. मग तिघांचे 540 युरो म्हणजे 56,700 रुपये, त्यात तिसरी रात्र 10,500 मिळवली तरी 67,200, चौघांच्या नुसत्या तिकिटांपेक्षा कमी. आजींचं तिकीट वगळून एक जास्तीची सकाळ आली, आणि दुसऱ्या एका पहाटे आजींसकट सगळ्यांनी खालून बलून बघायचे. माझ्या मते या घरासाठी हाच सगळ्यात चांगला प्लॅन.

टप्पा ५: बुक करताना हे प्रश्न विचारा, उत्तर लेखी घ्या

पहिला प्रश्न, उड्डाण कुठून? सगळ्यात मोठी फसगत इथे होते. "कॅपाडोकिया बलून" म्हणून विकलेली प्रत्येक राइड गोरेमेच्या दऱ्यांवरून जात नाही. चाट, सोआनली, इहलारा या बाजूंनाही बलून उडतात आणि ते स्वस्त असतात. त्या जागा वाईट नाहीत, पण फोटोत दिसणारं ते शंभर बलून आणि खाली सुळक्यांचं जंगल हे दृश्य गोरेमेचं. अर्ध्या किमतीचं तिकीट दिसलं की आधी हेच विचारा. व्हाउचरवर "Göreme" असं छापून आलेलं पाहिजे, व्हॉट्सॲपवरचं "हो हो तिकडेच" चालणार नाही.

दुसरा, टोपलीत किती माणसं? 16 ते 28 पर्यंत असतात. 28 च्या टोपलीत प्रत्येक कप्प्यात दोन रांगा होऊ शकतात, मग मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून बघावं लागतं. लहान मूल असेल तर कमी माणसांची टोपली घ्या, जास्तीचे पैसे वसूल होतात.

तिसरा, पहिली फेरी की दुसरी? गर्दीच्या दिवसात सूर्योदयाची एक फेरी आणि त्यानंतर दुसरी अशी उड्डाणं होतात. दुसरी स्वस्त पडते, पण तोपर्यंत पहिले बलून उतरायला लागलेले असतात.

चौथा, कॅन्सल झालं तर काय? दोन वेगळ्या गोष्टी विचारा: पूर्ण पैसे परत मिळणार का, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला आधी जागा मिळणार की रांगेत शेवटी. "नेक्स्ट डे" असं नुसतं लिहिलेलं असेल आणि जागा नसेल तर काय याचं उत्तर नसेल तर तिथे बुक करू नका.

आणि बुकिंग नेहमी पहिल्या सकाळचं करा. लोक दमायला होईल म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं घेतात, मग कॅन्सल झालं की पुढे सकाळच उरत नाही.

*सावधान: ग्रुप टूरमध्ये बलून बहुतेक वेळा ऑप्शनल असतो आणि पैसे तिथे गेल्यावर कॅश घेतात. उड्डाणाची जागा, टोपलीची साइझ आणि रिफंड कोण देणार हे मुंबई-पुण्यातच विचारून घ्या. ट्रॅव्हल इन्शुरन्सही वाचा, बऱ्याच पॉलिसीत हवेतले साहसी प्रकार वगळलेले असतात.*

टप्पा ६: आदल्या संध्याकाळी हवा बघा

उड्डाण होणार की नाही हे कंपनी ठरवत नाही. तिथे सिव्हिल एव्हिएशनच्या नियमांखाली एक केंद्र सगळ्यांसाठी मिळून निर्णय देतं आणि तो झेंड्याच्या रंगात असतो: हिरवा म्हणजे उडा, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे रद्द. ही स्थिती shmkapadokya.kapadokya.edu.tr वर दिसते. वेगवेगळ्या भागांचे झेंडे वेगळे असू शकतात, तुमचं उड्डाण ज्या भागातून आहे तोच बघा.

स्वतः अंदाज घ्यायचा तर Windy हे हवामानाचं ॲप उघडा, पहाटे पाच ते सातची वेळ लावा. जमिनीजवळचा वारा ताशी 18-19 किलोमीटरच्या, म्हणजे 10 नॉट्सच्या पुढे दिसला की अवघड. मग उंचीची पट्टी 850hPa वर न्या, ती साधारण 1500 मीटरची पातळी, आणि गोरेमे स्वतःच 1100 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे हा डोक्यावर चारेकशे मीटरवरचा वारा झाला. लोक इथेच चिडतात, हॉटेलच्या गच्चीवर पान हलत नाही आणि तरी रद्द म्हणतात म्हणून. खाली शांत असलं तरी वरचा वारा जोरात असू शकतो, आणि बलूनला स्टिअरिंग नसतं, पायलट फक्त उंची बदलून वेगवेगळ्या दिशेचे वारे पकडतो. वरती जोर असला तर उतरायची जागा त्याच्या हातात राहत नाही. पाऊस, धुकं, जवळपासची वीज ही बाकीची कारणं.

तीन दिवसांपलीकडचा वाऱ्याचा अंदाज बघून बुकिंग बदलत बसू नका, तो पलटतो.

टप्पा ७: पहाटे

मे महिन्यात सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो, म्हणजे गाडी चारच्या सुमारास येणार. मुलीला रात्री नऊला झोपवा आणि सगळ्यांचे कपडे काढून ठेवा. मेमध्येही पहाटे थंडी असते, जॅकेट हवंच. डोक्यावर टोपी घाला, थंडीसाठी नाही तर बर्नरची धग उंच माणसाच्या टाळूवर येते म्हणून. सपाट बूट घाला, फोटोसाठीचा लांब गाऊन खाचेत पाय टाकताना अडकतो.

पिवळा झेंडा असेल तर मैदानावर अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं. बलून अर्धवट फुगवलेले आडवे पडलेले असतात, पंखे चालू, बाजूला चहा-बिस्किटं, आणि मग एकतर सगळ्या मैदानावर एकदम बर्नर पेटतात नाहीतर क्रू कापड गुंडाळायला लागतो. ऊन वर आलं की जमीन तापून हवा उसळायला लागते, म्हणून "थोडं उशिरा उडवा की" हा आग्रह करून उपयोग नसतो.

*सावधान: लाल झेंड्याच्या दिवशी कोणी "आमचा एक बलून जातोय, थोडे जास्त द्या" म्हणालं तर सरळ नाही म्हणा.*

टप्पा ८: कॅन्सल झालं तर, आणि बलून घ्यायचाच नसेल तर

या दोन्ही गोष्टी एकच समजून लोक प्लॅन करतात. खालून बलून बघणं हा उत्तम पर्याय आहे, पण लाल झेंड्याच्या दिवशी तोही गायब, कारण बघायला आकाशात काही नसतं. म्हणून दोन वेगळे प्लॅन ठेवा.

बलून उडतायत पण तुम्ही चढत नाही आहात, तेव्हा गोरेमेच्या डोक्यावरच्या टेकडीवर जा, तिला आशिकलार टेपेसी म्हणतात. गावातून चालत जाता येतं, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोचा. आजींना चढ नको असेल तर टॅक्सीने वर सोडा. बलून बऱ्याचदा इतके जवळून जातात की टोपलीतल्या माणसांचं बोलणं ऐकू येतं. खरं सांगायचं तर ते शंभर बलूनचं दृश्य टोपलीतून जितकं दिसतं तितकंच, किंवा जास्त चांगलं, इथून दिसतं. टोपलीतून मिळतं ते वेगळं, दरीत अलगद उतरून सुळक्यांच्या मधून जाणं. तुम्हाला यातलं नक्की काय हवंय ते ठरवलं की निम्मा निर्णय झाला. "बलून व्ह्यू" म्हणून महाग रूम घेताना मात्र गच्ची कुठल्या दिशेला आहे ते आधी विचारा.

लाल झेंडा असेल तेव्हा परत झोपा, आणि नाश्ता करून देरिनकुयु किंवा कायमाकलीच्या जमिनीखालच्या शहरात जा, तिथे वाऱ्यापावसाचा संबंधच नाही. बुटके बोगदे आणि पायऱ्या आहेत, आजींना वर चहा प्यायला बसवा. पाऊस नसेल तर गोरेमे ते उचहिसार कबुतरांच्या दरीतून चालत जा, साधारण चार किलोमीटर, आणि उचहिसारच्या किल्ल्यावर चढा, आसपासची सगळ्यात उंच जागा तीच, वारा असला तरी चालतं.

तिन्ही सकाळी गेल्या आणि पुढे पामुक्कलेला जाणार असाल तर तिथेही बलून उडतात, पांढऱ्या पायऱ्या आणि हिएरापोलिसच्या अवशेषांवरून, आणि सहसा स्वस्तात. दृश्य वेगळं, बलून कमी, पण हवेचा पट्टा वेगळा असल्यामुळे इकडे रद्द म्हणजे तिकडेही रद्द असं नसतं. आधीपासून बुक करू नका, कॅपाडोकियाचा निकाल लागल्यावर घ्या.

रिफंडचं शेवटी. कार्डाने भरले असतील तर कॅन्सल झाल्याचा मेसेज किंवा ईमेल त्याच दिवशी मागून घ्या, पैसे यायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि युरोच्या दरामुळे रक्कम थोडी इकडेतिकडे होते. टूर मॅनेजरला कॅश दिली असेल तर गोरेमे सोडायच्या आधी, बसमध्ये बसायच्या आधी, मोजून परत घ्या.